एक चूल, तीन पिढ्या आणि रोज रात्रीचा अर्धा तास

जुलै २०२५ मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ पुन्हा सुरू झाली आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं भांडण जसंच्या तसं वर आलं. एका बाजूला नाकं मुरडणारे: पुन्हा तोच वाडा, त्याच साड्या, तीच रडारड, लोकांना दुसरं काही बघायला नाही का? दुसऱ्या बाजूला कैवारी: बाई दिवसभर राबते, रात्री अर्धा तास डोळ्यांतून पाणी काढते तर तुमच्या पोटात का दुखतं, तुम्ही नाही का पाच-पाच दिवस क्रिकेट बघत? दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांचंही एका गोष्टीवर एकमत असतं, ते त्यांच्या लक्षात येत नाही. एका घरातल्या अनेक पिढ्यांची, लांबलचक, रडवणारी गोष्ट ही मुळातच हलक्या प्रतीची असते, असं दोघंही धरून चालतात. पहिले त्याबद्दल शिव्या देतात, दुसरे सवलत मागतात.

मला हे गृहीतकच मान्य नाही. लांबी हा दोष नाही आणि अश्रू तर नाहीतच. आपल्या दैनंदिन मालिकांचा खरा दोष असा की त्यांत वर्षं उलटतात, पण काळ पुढे सरकत नाही. पिढ्यांची गोष्ट ज्या एका ऐवजावर उभी असते तोच त्या खर्च करायला तयार नसतात. म्हणून ज्या माणसाला लांब, भावनांनी भरलेली घराची गोष्ट आवडते, त्याला ‘जरा आटोपशीर काहीतरी बघ, आठ भागांची छान वेबसीरिज आहे’ असं सांगणं चुकीचं आहे. त्याची भूक खरी आहे. त्याला खरोखर लांब असलेली गोष्ट सुचवायला हवी.

हप्त्याहप्त्याने सांगितलेली घरगुती दुःखाची गोष्ट मराठीत दूरदर्शन संचांबरोबर आली, असं ज्यांना वाटतं त्यांनी १८९० कडे पाहावं. त्या वर्षी हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापायला सुरुवात केली. साहित्य अगदी आजच्या मालिकेचंच आहे: मोठं एकत्र घर, सासर, भोळी सून, घरात बसून कारस्थानं करणारे शंकरमामंजी. या सुनेला, यमूला, सुख मिळतं ते नवऱ्याबरोबर, रघुनाथबरोबर, मुंबईला वेगळं बिऱ्हाड केल्यावर. नवरा जातो तेव्हा ती पुन्हा त्याच मोठ्या घराच्या तावडीत येते आणि तिच्यावर केशवपनाची सक्ती होते. हे वाचून लोक रडले, त्यांनी रडावं अशीच आपट्यांची इच्छा होती, आणि त्या रडण्यामुळे कादंबरीचा दर्जा कमी झाला असं आज कोणी म्हणणार नाही. मग फरक कुठे आहे? आपट्यांच्या गोष्टीत जे घडलं ते परत फिरत नाही. मुंबईचं बिऱ्हाड मोडलं ते मोडलंच. रघुनाथ पुढच्या हप्त्यात स्मृती हरवलेल्या अवस्थेत सापडत नाही.

‘क्योंकि’मधला नायक मिहिर मात्र परत आला होता. २००१ च्या सुमारास त्याला मारला, प्रेक्षकांनी गदारोळ केला आणि मेलेला माणूस कथेत जिवंत झाला. वीस वर्षांची उडी मारली तेव्हा नवी पिढी आली, पण घरातली ‘बा’ होती तिथेच राहिली. तिच्या वयाचे विनोद देशभर चालायचे. विनोद बाजूला ठेवून बघा, यात गोष्टीचं काय होतं? आजी मरणार नसेल तर तिच्या किल्ल्या कोणाकडे जायच्या हा प्रश्न उद्भवत नाही. मेलेला परत येणार असेल तर विधवा होण्याला अर्थ उरत नाही. हा काही लेखकांच्या बुद्धीचा दोष नव्हे. मराठी मालिका लिहिणाऱ्यांत उत्तम नाटककार आहेत. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि पुढच्या आठवड्याचा ट्रॅक त्यावर ठरतो. ज्या गोष्टीचा शेवट कुठे आहे हे लिहिणाऱ्यालाच माहीत नाही, तिच्यात माणसाला मारताना हात कापतो, कारण उद्या त्याची गरज लागली तर?

मालिकावाल्यांना एकत्र कुटुंबच का लागतं, तेही यातून कळतं. शहरांत दोन खोल्यांत चार माणसं राहतात आणि पडद्यावर मात्र पंधरा माणसांचा दिवाणखाना असतो. संस्कृतीचा पुळका हे याचं कारण नाही. दिवाणखान्याचा एकच सेट वर्षानुवर्षं चालतो. एखादा नट नाटकाच्या दौऱ्यावर गेला की त्याचं पात्र ‘गावाला’ किंवा ‘ऑफिसच्या कामाने बंगलोरला’ जातं, घर चालूच राहतं. आणि कोणीतरी एक वाक्य टाकलं की कॅमेरा एकेका चेहऱ्यावर फिरतो: सासू, चुलतसासू, जाऊ, नणंद, दीर, नोकर. दहा चेहऱ्यांवर चार-चार सेकंद थांबला तरी चाळीस सेकंद गेली, आणि अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता गोष्टीला बावीस मिनिटांच्या आसपासच मिळतात. एकत्र कुटुंब इथे कथेचा विषय म्हणून नसतं, निर्मितीची सोय म्हणून असतं.

कैवाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथे मान्य केला पाहिजे. मालिका ही सोबत असते. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना ती कानावर पडते. दोन दिवस चुकले तरी बिघडत नाही. मुलं परगावी गेलेल्या घरात त्या वेळी माणसांचे आवाज येतात. मालिकेतली पात्रं रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यांसारखी झालेली असतात, आणि शेजाऱ्याने रोज काहीतरी नवं सांगावं अशी कोणाची अपेक्षा नसते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षं, तीन हजारांवर भाग चालली. लोक मूर्ख होते म्हणून चालली असं म्हणणाऱ्याला लोक कळलेले नाहीत. सोबतीची गरज खरी आहे आणि तिची टिंगल करणं हे बहुधा ज्यांना सोबत आहे त्यांचं काम असतं. पण सोबत आणि गोष्ट या दोन वेगळ्या गरजा आहेत. ज्याला संध्याकाळी घरात आवाज हवा आहे त्याने मालिका खुशाल लावावी. इथे बोलतोय तो दुसऱ्या प्रेक्षकाबद्दल: ज्याला एका घराचं पुढे काय झालं हे मनापासून जाणून घ्यायचं आहे, आणि ज्याला दोन हजार भागांनंतरही ते कळत नाही.

त्याला काय सुचवावं हे ठरवायला मी इरावती कर्व्यांची व्याख्या वापरतो. भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या पुस्तकात त्यांनी एकत्र कुटुंबाच्या ज्या खुणा सांगितल्या त्या साध्या आहेत: एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचं जेवणारे, मालमत्ता सामाईक असणारे, कुळाचार एकत्र करणारे, रक्ताने बांधलेले. घराण्याच्या गोष्टीचा कस लावायला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही, कारण खऱ्या घरात या गोष्टी एकाच दिवशी सुटत नाहीत. बहुतेक ठिकाणी आधी चूल वेगळी होते. मालमत्ता मग पंधरा-वीस वर्षं सामाईकच राहते, सातबाऱ्यावर आजोबांच्याच नावाखाली सगळ्यांची नावं चढत जातात. छप्पर कधी आधी सुटतं, कधी शेवटी. कुळाचार मात्र चिवट असतो: एकमेकांशी न बोलणारे भाऊ नवरात्रात देवघरापुढे बसतातच. या सुटण्याचा क्रम, त्यातली रखडपट्टी आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाला किंमत मोजावी लागली, हेच पिढ्यांच्या गोष्टीचं कथानक असतं.

मालिकेला ही कसोटी लावून पाहा. चूल दिसते, पण तिच्यावर किराण्याचा हिशेब कोण करतं, गॅसचे पैसे कोण देतं हे कधी कळत नाही. मालमत्ता म्हणजे ‘प्रॉपर्टीचे पेपर्स’. झोपेत किंवा फसवून एक सही घेतली की बंगला खलनायिकेचा. वाटणीपत्र नाही, फेरफार नाही, तलाठ्याकडच्या चकरा नाहीत, हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलेली बहीण नाही. ज्या कोणी आपल्या घरात एका एकराची वाटणी पाहिली आहे त्याला विचारा, खरं नाट्य सहीच्या क्षणात होतं की सही करायची की नाही या दोन वर्षांच्या अबोल्यात?

आता महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनात ते रंगमंचावर आलं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. तात्याजी नुकतेच गेलेत आणि मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह सुतकाच्या दिवसांत घरी आलाय. घटना म्हणाल तर फार थोड्या. घरात पैसा नाही, पण तेराव्याचं जेवण देशपांड्यांच्या इतमामाने व्हायला हवं. खर्च कोणी करायचा? मोठा भास्कर घरी राहून वाडा सांभाळतोय, सुधीर मुंबईत पगार घेतो. भास्करला वाटतं धाकटा सुटून गेला, सुधीरला वाटतं मोठ्याने सगळं ताब्यात ठेवलं. दोघांचं म्हणणं खरं आहे, आणि इथेच हे नाटक मालिकेपासून शंभर कोस दूर जातं. खलनायक नाहीच. गावच्या व्यापाऱ्याला वाड्याचा एक भाग देऊन तेरावं करायचं, इथवर गोष्ट येते. म्हणजे घराची अब्रू राखण्यासाठी घरच विकायचं. कर्व्यांच्या भाषेत सांगायचं तर कुळाचार टिकवायला छप्पर मोडलं.

या वाड्यात काळ कसा दिसतो ते पाहण्यासारखं आहे. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडलाय. कधीतरी शेती आधुनिक करायची म्हणून आणलेला, आता कोणी हलवतही नाही, येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो. आत म्हातारी दादी सारखी वेळ विचारते. ट्रॅक्टर का गंजला याचं उत्तर नाटकात भाषण करून दिलेलं नाही, पण विदर्भाच्या माणसाला ते माहीत असतं. १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा, मग १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा. ज्या जमिनीवर वाडा उभा होता ती पायाखालून गेली, आणि कष्टाची सवय नसलेल्या मालकांना ती कसायची कशी हे माहीत नव्हतं. तेव्हा हे घर कोणा दुष्ट सुनेमुळे फुटत नाही, इतिहासामुळे फुटतं, आणि तरी प्रत्येकाला वाटतं की आपल्या भावामुळे फुटतंय.

आणि दागिने. घराण्याचे दागिने भास्करच्या ताब्यात आहेत. एका रात्री त्याची बायको, घरातली वहिनी, ते सगळे अंगावर चढवते. आयुष्यभर माजघरात राबलेली बाई, रिकामा होत चाललेला वाडा, आणि अंगावर पिढ्यांचं सोनं. मालिकेत जडजवाहीर घातलेल्या शेकडो सुना आपण बघतो, स्वयंपाकघरातही त्यांच्या अंगावर नथ-तोडे असतात, म्हणून दागिना दिसेनासा होतो. इथे तो एकदाच अंगावर येतो आणि त्याचं वजन कळतं. पुढे भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते ती हेच दागिने घेऊन. सोनं गेलं ते गेलं.

एलकुंचवार इथे थांबले नाहीत. ‘मग्न तळ्याकाठी’मध्ये दहाएक वर्षं उलटली आहेत, पराग आणि मुंबईहून आलेला अभय हे चुलतभाऊ मोठे झाले आहेत, ‘युगान्त’मध्ये त्या गावावर दुष्काळाचं ओसाडपण आलंय. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’तर्फे ही तिन्ही नाटकं एकाच दिवशी सलग केली, आठ-नऊ तास. लोक डबे घेऊन बसले. मराठी प्रेक्षकाला लांब बघवत नाही असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. पुढे त्यांनीच ही नाटकं नव्या संचात पुन्हा उभी केली तेव्हाही लोक आले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: नऊ तासांचं नाटक मुंबई-पुण्याच्या मूठभरांना मिळालं, धाराशिवच्या किंवा चंद्रपूरच्या बाईने बघायचं काय? मान्य. नाटक नाशवंत असतं. म्हणून दूरदर्शनचंच उदाहरण घेऊ. १९८४-८५ ची ‘हम लोग’ मेक्सिकोतल्या मालिकांवरून सुचलेली होती, आणि तिथल्या प्रथेप्रमाणे तिला शेवट होता. दीडएकशे भागांत ती संपली, मधे दादीला कॅन्सर झाला आणि ती मेलीसुद्धा. तिचेच लेखक मनोहर श्याम जोशी यांनी लगेच ‘बुनियाद’ लिहिली, रमेश सिप्पींसाठी. लाहोरच्या घरातला मास्तर हवेलीराम आणि लाजोजी तरुणपणी भेटतात, त्यांचा संसार वाढतो, आणि फाळणीत ते घर उखडून दिल्लीला निर्वासितांच्या छावणीत येऊन पडतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सत्तरीपर्यंतचा काळ. आलोक नाथ तेव्हा जेमतेम तिशीचे होते आणि ते आपल्यासमोर आजोबा झाले. अनिता कंवर आजी झाल्या. ‘लीप’ तिथेही होते, पण उडी मारली की माणसाच्या चालण्यात, बोलण्यात, सुनेकडे बघण्याच्या नजरेत ती दिसायची. शंभरएक भागांत देश आणि घर दोन्हींची वाटणी झाली. ही गोष्ट चोवीस तास वाहिन्या नसताना देशभरच्या घरांत पोचली होती. तेव्हा चांगली लांब गोष्ट ही उच्चभ्रूंची चैन आहे, हे खरं नाही. एकदा झालेलं आहे ते.

दुसरा आक्षेप पुरोगाम्यांचा. एकत्र कुटुंबाच्या गोष्टी बघणं म्हणजे त्या व्यवस्थेचं गुणगान करणं, बाईला पुन्हा माजघरात ढकलणं. बहुतेक मालिकांबाबत हे खरं आहे. त्याग केला की सून चांगली, हक्क मागितला की वाईट, इतका त्यांचा कायदा सोपा असतो. पण म्हणून प्रकारच टाकून द्यायचा? एकत्र घराने बाईचं काय केलं याची सगळ्यात कठोर नोंद याच प्रकारात आहे. वाड्यातल्या प्रभाला, भास्कर-सुधीरच्या बहिणीला, शिकायची इच्छा असूनही शिकू दिलं नाही आणि ती बिनलग्नाची घरात राहिली. ती दोन भावांच्या भांडणात कुठेच पक्षकार नसते. नाटक आलं तेव्हा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्माने हिस्सा नव्हता. महाराष्ट्राने तो दिला १९९४ मध्ये, तोही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून, आणि देशभर आला २००५ मध्ये. कायदा बदलल्यालाही आता बरीच वर्षं झाली. हक्कसोडपत्रावर भावासाठी सही करणाऱ्या बहिणीचं काय होतं, नाही म्हणणाऱ्या बहिणीचं माहेर कसं तुटतं, यावर रोज रात्री अर्धा तास, वर्षभर बोलता येईल इतकं कथानक आपल्या तालुक्या-तालुक्यात पडून आहे. त्यावर रडणारे प्रेक्षकही तयार आहेत.

हे दैनंदिन मालिकेच्या चौकटीत जमतच नाही, असं मला वाटत नाही. स्टार प्रवाहवर २००८ मध्ये सुरू झालेली ‘अग्निहोत्र’ विखुरलेल्या घराण्याची आणि नाशिकच्या वाड्याची गोष्ट सांगायची, रोज सांगायची, आणि २०१० मध्ये संपली. गूढाचा मसाला तिच्यात जरा जास्त होता, पण तिला आपण कुठे चाललोय हे ठाऊक होतं आणि त्यामुळे घरातला दुरावा हळूहळू कमी होताना पटायचा. म्हणजे वाहिनी, वेळ, जाहिराती सगळं तेच ठेवून फक्त शेवट आधी ठरवला तरी एवढा फरक पडतो.

तर ज्यांना लांब, रडवणारी घराची गोष्ट हवी आहे त्यांनी सुरुवात ‘बुनियाद’पासून करावी. पहिले काही भाग संथ वाटतील, कॅमेरा आणि रंग जुने आहेत, पार्श्वसंगीताचा मारा नाही. घर लाहोरहून हलेपर्यंत सोडू नये. मग ‘अग्निहोत्र’. ‘वाडा’चे प्रयोग जवळपास लागले तर बघावेत, नाहीतर तिन्ही संहिता क्रमाने वाचाव्यात; वाचनाची सवय असलेल्याने ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्याआधी घेतली तर वाड्यातल्या बायका अधिक ओळखीच्या वाटतील. आणि एखाद्या रविवारी एत्तोरे स्कोला यांचा ‘ला फामिलिया’ हा १९८७ चा इटालियन चित्रपट. रोममधल्या एका फ्लॅटमध्ये १९०६ ते १९८६, ऐंशी वर्षं, कॅमेरा घराबाहेर एकदाही जात नाही, सोबत तीन अविवाहित आत्या. दोन तासांत संपतो, तेवढी एक तक्रार लांब गोष्टींची आवड असलेला माणूस करणारच.